फ्लोचार्टचं उत्तर 9 की 10? परतीची रेघ कुठे मिळते ते आधी बघा

प्रश्न: डिप्लोमाचं पहिलं वर्ष आहे. ग्रुपवर आलेल्या फ्लोचार्टचा फोटो जोडला आहे, थोडा तिरका आणि पुसट आहे. शेवटी `S` ची किती किंमत छापली जाईल असं विचारलंय. पर्याय 5, 6, 9 आणि 10. मी तीनदा सोडवला, तिन्ही वेळा 10 आलं. उत्तरतालिकेत 9 दिलंय. तालिका चुकली की मी?

उत्तर:

तालिका बरोबर आहे. आणि तुमची बेरीज-वजाबाकीही बरोबर आहे. घोटाळा एका रेघेचा आहे. शेवटच्या डायमंडमधून डावीकडून वर चढणारी परतीची रेघ `J = 1` च्या चौकटीच्या वर मिळते, तुम्ही ती चौकटीच्या खाली मिळते असं धरलंत. तीनदा करून तीनदा 10 आलं यात नवल नाही. दर वेळी हिशेब नव्याने केलात, पण चित्र पहिल्यांदा वाचलं तेच डोक्यात होतं.

फोटोवरून फ्लोचार्ट सोडवताना कामं दोन असतात: आधी चित्र वाचायचं, मग हिशेब चालवायचा. बहुतेक जण फोटोवर बोट ठेवून दोन्ही एकदम करतात. दहाव्या फेरीला पोचेपर्यंत बोट एखाद्या वेळी भलत्या रेघेवर जातं, किंवा पहिल्याच फेरीत चुकीच्या रेघेवर गेलेलं असतं आणि पुढे सवयीने तिथेच जात राहतं. म्हणून हिशेबाला हात लावण्याआधी चित्र कागदावर उतरवून घ्यायचं. पुन्हा चित्र काढायचं नाही. प्रत्येक चौकटीला नंबर द्यायचा आणि तिच्यातून निघणारा बाण कोणत्या नंबरावर जातो ते पुढे लिहायचं. तुमचा फोटो मी असा उतरवला:

```
1   I = 1, S = 0          -> 2
2   J = 1                 -> 3
3   J <= I ?              Yes -> 4    No -> 8
4   (I + J) mod 2 = 0 ?   Yes -> 5    No -> 6
5   S = S + J             -> 7
6   S = S - 1             -> 7
7   J = J + 1             -> 3
8   I = I + 1             -> 9
9   I <= 4 ?              Yes -> 2    No -> 10
10  Print S               -> Stop
```

याचा फायदा असा, की बाणाचा निर्णय एकदाच आणि लेखी होतो. फोटोत रेघ पुसट असेल तर डोळा ‘जात असेल कुठेतरी वर’ म्हणून पुढे सरकतो. कागदावर मात्र बाणापुढे नंबर लिहावाच लागतो, 2 किंवा 3. शंका असेल तर ती तिथेच समोर येते.

उतरवून झालं की एक साधी तपासणी करा. साध्या चौकटीतून बाहेर जाणारा बाण एकच असतो. डायमंडमधून या प्रकारात दोन असतात, एक येस आणि एक नो. आत येणाऱ्या बाणांना असं बंधन नाही, एकाच ठिकाणी दोन-तीन रेघा येऊन मिळू शकतात. एखाद्या डायमंडला एकच वाट सापडली तर दुसरी वाट फोटोत कुठेतरी आहे आणि ती तुमच्या नजरेतून सुटली आहे. साध्या चौकटीतून दोन वाटा निघताना दिसल्या तर त्यांतली एक नक्की आत येणारी आहे, तिचं टोक तुम्हाला दिसलेलं नाही.

आता मूळ दुखण्याकडे येऊ. तुमच्या फोटोत डाव्या बाजूला दोन उभ्या रेघा जवळजवळ आहेत. आतली रेघ डायमंड 3 च्या डाव्या कोपऱ्यातून निघते आणि खाली चौकट 8 कडे जाते. ती त्या डायमंडची नो वाट. बाहेरची रेघ डायमंड 9 च्या डाव्या कोपऱ्यातून निघून वर चढते. ती त्याची येस वाट, म्हणजे बाहेरच्या लूपची परतीची रेघ. एक उतरते, एक चढते आणि दोन्हींमध्ये स्क्रीनवर जेमतेम दोन-तीन मिलिमीटर जागा आहे. बाणांची टोकं पुसली गेल्यामुळे चढणारी कोणती आणि उतरणारी कोणती, हे पहिल्या नजरेत कळत नाही.

बाहेरची रेघ वर जाऊन उजवीकडे वळते आणि मधल्या उभ्या रेघेला मिळते. नेमकी इथे कागदाची घडी आहे आणि घडीच्या सावलीत आडव्या तुकड्याचा मधला भाग दिसेनासा झाला आहे. त्यातून फोटो तिरका, डावी बाजू खाली झुकलेली. आडवा तुकडा स्क्रीनवर 6 सेंटिमीटर लांब असेल आणि फोटो 5 अंशांनी कललेला असेल, तर रेघेच्या एका टोकाची उंची दुसऱ्या टोकापेक्षा साधारण 5 मिलिमीटरने वेगळी येते. लहान स्क्रीनवर एका चौकटीच्या वरच्या आणि खालच्या जागेतलं अंतरही साधारण एवढंच असू शकतं. मधला भाग दिसत नसला की डोळा डावीकडच्या वळणापासून सरळ आडवा जातो आणि बरोबर एक चौकट खाली पोचतो. चौकट 1 आणि 2 यांच्यामधल्या जागेऐवजी 2 आणि 3 यांच्यामधल्या जागेत. तुमचं नेमकं हेच झालं.

उपाय दोन. पहिला, फोटो सरळ करा. फोनच्या गॅलरीत क्रॉपसोबत फोटो फिरवायची पट्टी असते. कोणत्याही एका आयताची वरची कड स्क्रीनच्या कडेला समांतर येईपर्यंत फोटो फिरवा. डायमंडवरून सरळ करायला जाऊ नका, त्याच्या सगळ्याच कडा तिरप्या असतात. पान पुस्तकातलं असेल आणि शिवणीजवळ वाकलेलं असेल तर सगळं चित्र एकदम सरळ होणार नाही. मग ज्या भागात शंका आहे तेवढाच कापून सरळ करा. दुसरा उपाय, रेघ उलट्या दिशेने धरा. निघण्याच्या जागेपासून शेवटाकडे न जाता, जिथे मिळते असं वाटतं तिथल्या उभ्या रेघेवर झूम करा आणि सांधा शोधा. दोन रेघा मिळतात तिथे टी सारखा आकार दिसतो. तुमच्या फोटोत चौकट 2 च्या वरच्या रेघेवर असा सांधा स्पष्ट आहे. चौकट 2 च्या खाली डावीकडून येणारा सांधा नाहीच. तिथे उजवीकडून एक रेघ मिळते, ती चौकट 7 मधून येणारी आतल्या लूपची परतीची रेघ.

दुसऱ्या एखाद्या फोटोत रेघा एकमेकींना छेदताना दिसल्या तर छेदणं म्हणजे मिळणं नव्हे. फ्लोचार्टच्या चिन्हांचं जे आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ 5807, 1985 सालचं, त्यातही एकमेकींना ओलांडणाऱ्या रेघांचा परस्परांशी संबंध धरत नाहीत. प्रवाह वरून खाली आणि डावीकडून उजवीकडे हीच नेहमीची दिशा मानतात, उलट जायचं असेल तेव्हा बाणाचं टोक दाखवतात. म्हणून वर चढणाऱ्या रेघेचं टोक शोधण्यात वेळ घालवणं परवडतं. खाली उतरणाऱ्या रेघेला टोक नसलं तरी बिघडत नाही. हाताने काढलेल्या फ्लोचार्टमध्ये हे नियम सगळे पाळतात असं मात्र धरू नका.

दुसरी शंकेची जागा डायमंड 9 मधलं चिन्ह, `<` आहे की `<=`. पुस्तकात छापताना हे `≤` असं एकाच चिन्हात येतं, आणि मेसेजमधून पुढे पुढे गेलेल्या फोटोत खालची बारीक आडवी रेघ सगळ्यात आधी जाते. इथे तुमचं नशीब चांगलं आहे. त्याच चित्रात, त्याच टायपात डायमंड 3 मध्ये `≤` स्वच्छ छापलेलं आहे. दोन्ही चिन्हं शेजारी ठेवून बघा. `≤` मध्ये खाली रेघेला जागा द्यावी लागते म्हणून वरचा कोन जरा उचललेला असतो. नुसतं `<` असेल तर कोन शेजारच्या आकड्याच्या साधारण मध्यावर बसतो. डायमंड 9 मधला कोन 4 च्या मध्यावर नाही, वर सरकलेला आहे आणि खाली राखाडी डाग आहे. ते `≤` आहे. चित्रात तुलनेला दुसरं चिन्ह नसतं तर एवढ्या खात्रीने सांगता आलं नसतं, मूळ पानच मागवावं लागलं असतं.

आता हिशेब. `I`, `J`, `I+J` आणि `S` असे चार रकाने पुरतात. डायमंड 3 ने येस म्हटलं की एक ओळ लिहायची, आणि ओळीतला `S` म्हणजे चौकट 5 किंवा 6 झाल्यानंतरचा. आकडे खोडून त्याच जागी नवे लिहू नका, खाली नवी ओळ घ्या. खोडलेला आकडा पुन्हा तपासता येत नाही.

```
I   J   I+J   S
1   1    2    1
2   1    3    0
2   2    4    2
3   1    4    3
3   2    5    2
3   3    6    5
4   1    5    4
4   2    6    6
4   3    7    5
4   4    8    9
```

पहिली ओळ: `I` 1, `J` 1, बेरीज 2, सम. म्हणून चौकट 5, `S` मध्ये `J` मिळवला, 0 चा 1 झाला. मग चौकट 7 मध्ये `J` 2 झाला, डायमंड 3 ने विचारलं 2 हा 1 पेक्षा लहान किंवा बरोबर आहे का, नाही. चौकट 8, `I` 2. डायमंड 9, 2 हा 4 च्या आत आहे, येस. चौकट 2, `J` परत 1. दुसऱ्या ओळीत बेरीज 3, विषम, म्हणून `S` मधून 1 वजा. इथे `J` वजा होत नाही, 1 वजा होतो. तुमच्या हिशेबात ही चौकट आलीच नाही, पण चौकट 5 आणि 6 शेजारी शेजारी असल्यामुळे घाईत बरेच जण दोन्हीकडे `J` धरतात.

जरा जवळून बघण्यासारखी जागा आहे तिसऱ्या आणि चौथ्या ओळीच्या मधली, कारण तुमचा आणि तालिकेचा रस्ता कसा फुटतो ते तिथे नीट दिसतं. तिसऱ्या ओळीअखेर `I` 2, `J` 2, `S` 2. चौकट 7 मध्ये `J` 3 झाला. डायमंड 3: 3 हा 2 च्या आत नाही, नो. चौकट 8: `I` 3. डायमंड 9: येस. आता परतीची रेघ. ती चौकट 2 वर गेली तर `J` पुन्हा 1 होतो आणि `I` 3 साठी `J` च्या 1, 2, 3 अशा तीन फेऱ्या होतात. ती थेट डायमंड 3 वर गेली तर `J` 3 चा 3 च राहतो. डायमंड विचारतो, 3 हा 3 च्या आत आहे का? आहे. एक फेरी होते, `J` 4 होतो आणि लूप संपतो. म्हणजे तुमच्या वाचनात प्रत्येक `I` साठी एकच फेरी झाली, तीही `J` आणि `I` सारखे असताना:

```
I   J   I+J   S
1   1    2    1
2   2    4    3
3   3    6    6
4   4    8    10
```

हे तुमचं 10. या चार ओळींत एक गोष्ट खटकायला हवी होती. `I` आणि `J` दर वेळी सारखे, म्हणून बेरीज दर वेळी सम, म्हणून डायमंड 4 ची नो वाट एकदाही वापरली गेली नाही. `S = S - 1` ही चौकट नुसती शोभेला उरली. प्रश्न काढणाऱ्याने सम-विषम तपासायला अख्खा डायमंड घातला, त्याला दोन वाटा काढल्या, आणि त्यातली एक वाट कधीच लागू नये असं क्वचितच असतं. ट्रेस करताना एखादी चौकट शेवटपर्यंत कोरी राहिली तर हिशेब पुन्हा करू नका, आधी बाण पुन्हा तपासा. याला पुरावा म्हणता येत नाही. मुद्दाम फसवायला कधीच न चालणारी चौकट ठेवणारेही असतात. पण तपास कुठून सुरू करायचा ते यावरून कळतं.

पर्यायांवरूनही बरंच कळतं. शंकेच्या जागा दोन, प्रत्येकीचे दोन अर्थ, म्हणजे वाचनं चार. रेघ चौकट 2 वर आणि `<=` असेल तर 9. रेघ चौकट 2 वर पण चिन्ह नुसतं `<` असेल तर `I` 4 झाल्यावर लूप थांबतो, चार नंबरच्या फेऱ्या होतच नाहीत आणि 5 छापलं जातं. ते वरच्या तक्त्यात सहाव्या ओळीवर दिसतंच आहे. रेघ डायमंड 3 वर आणि `<=` धरलं तर 10. रेघ डायमंड 3 वर आणि `<` धरलं तर 6. पर्याय होते 5, 6, 9, 10. म्हणजे प्रश्न काढणाऱ्याने चुका कुठे होणार ते आधीच ओळखून ठेवलं होतं, आणि म्हणूनच तुमचं 10 पाहिल्यावर तुम्ही कोणती रेघ कशी वाचली हे लगेच सांगता आलं. डायमंड 4 चं येस-नो उलटं वाचलं असतं तर 1 आलं असतं. ते पर्यायांत नसल्यामुळे चूक तुमची तुम्हालाच कळली असती.

परीक्षेत मूळ पान मागवता येत नाही तेव्हा हा उपयोग होतो: जिथे शंका आहे तिथल्या दोन्ही वाचनांचा हिशेब करायचा आणि कोणतं उत्तर पर्यायांत आहे ते बघायचं. एकच असेल तर सुटलात. इथल्यासारखी दोन्ही असतील तर पर्याय काहीच ठरवून देत नाहीत, चित्राकडेच परत यावं लागतं.

हिशेबातल्या आणखी एका चुकीबद्दल सांगतो, कारण ती या फ्लोचार्टमध्ये होण्याजोगी आहे. डायमंड 9 हा चौकट 8 च्या नंतर आहे. म्हणजे तपासणी वाढलेल्या `I` वर होते. चौथ्या फेरीनंतर `I` 5 होतो, 5 हा 4 च्या आत नाही म्हणून बाहेर. छापायच्या चौकटीत `Print S, I` असतं तर 9 आणि 5 छापलं गेलं असतं, 9 आणि 4 नव्हे. शिवाय बाहेरच्या लूपची तपासणी तळाशी असल्यामुळे तो लूप निदान एकदा तरी चालतोच. 4 च्या जागी 0 लिहिलं तरी `S` 1 छापला जाईल. आतल्या लूपची तपासणी मात्र वर, फेरीच्या आधी आहे. एकाच चित्रात एक लूप `while` सारखा आणि दुसरा `do-while` सारखा असेल तर अट कुठे आहे ते प्रत्येक लूपसाठी वेगळं बघावं लागतं. दोन्ही एकाच साच्यात बसवले की एक फेरी कमी किंवा जास्त होते.

आपला हिशेब तपासायला प्रोग्रॅम लिहायची सवय चांगली आहे, पण तो काय तपासतो ते लक्षात घ्या. पायथॉनमध्ये हे असं होईल:

```python
I, S = 1, 0
while True:
    J = 1
    while J <= I:
        if (I + J) % 2 == 0:
            S = S + J
        else:
            S = S - 1
        J = J + 1
    I = I + 1
    if not I <= 4:
        break
print(S)
```

हा 9 छापतो. `J = 1` ची ओळ उचलून `while True:` च्या वर ठेवा, तो तितक्याच शांतपणे 10 छापेल. कारण तुम्ही चित्र जसं वाचलं तसाच प्रोग्रॅम लिहिणार. प्रोग्रॅमने तुमची बेरीज तपासली जाते, फोटो वाचणं तपासलं जात नाही. त्यासाठी वरची नंबरांची यादी दुसऱ्या कोणाला तरी द्या आणि फोटोशी ताडून बघायला सांगा, फक्त बाण, हिशेब नको. कोणी नसेल तर एका तासाने यादी न बघता फोटो पुन्हा उतरवा आणि मग दोन्ही याद्या जुळवा.

बेरजेची वेगळ्या वाटेने पडताळणी हवी असेल तर अशी करा. सम बेरीज येणाऱ्या ओळींतले `J` एकत्र करा: 1, 2, 1, 3, 2, 4, बेरीज 13. विषम बेरजेच्या ओळी मोजा: चार. 13 वजा 4, 9. ओळींची संख्याही जुळली पाहिजे, 1 अधिक 2 अधिक 3 अधिक 4, दहा.

पुढच्या वेळी फोटो मागवाल तेव्हा पाठवणाऱ्याला दोनच गोष्टी सांगा. पान सपाट ठेवून फोन त्याच्या बरोबर वर, पानाला समांतर धरायचा, आणि व्हॉट्सॲपवर पाठवताना फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा, म्हणजे तो दाबून लहान केला जात नाही. बारीक रेघा आणि `≤` च्या खालची रेघ त्या दाबण्यातच जातात. आलेला फोटो पुसट असेल तर काळा-पांढरा करून कॉन्ट्रास्ट वाढवल्याने थोडी मदत होते, पण एकदा पुसली गेलेली रेघ त्याने परत येत नाही. फार वाढवलं तर घडीची सावलीच रेघ होऊन बसते.

हाच फ्लोचार्ट 4 च्या जागी 10 घालून विचारला तर तक्त्यात 55 ओळी येतील. तेवढ्या लिहीत बसू नका. प्रत्येक `I` संपताना `S` कितीने वाढला ते बघा. 1 ला 1 ने, 2 ला 1 ने, 3 ला 3 ने, 4 ला 4 ने. 5 आणि 6 हाताने केले तर 7 आणि 9 येतात. सम `I` साठी वाढ म्हणजे `I` च्या निम्म्याचा वर्ग: 1, 4, 9. विषम `I` असेल तर `I` मध्ये 1 मिळवून निम्मं करा, त्याचा वर्ग घ्या आणि त्यातून `I` पेक्षा एकने लहान संख्येचं निम्मं वजा करा. 5 साठी 9 वजा 2, म्हणजे 7. हे `J` च्या फेऱ्यांवरूनच निघतं: सम `I` ला सम `J` मिळवले जातात आणि विषम `J` चे एक-एक वजा होतात, विषम `I` ला त्याच्या उलट. या रीतीने 7 पासून 10 पर्यंतच्या वाढी 13, 16, 21 आणि 25 येतात. सगळ्या मिळवल्या की 100. तुमच्या पहिल्या वाचनाने, परतीची रेघ डायमंड 3 वर धरून, त्याच फ्लोचार्टचं उत्तर 55 आलं असतं.